सल्ला हवा: फेरीबोटीच्या ॲपसाठी आयकॉन काढतेय, रेघ आणि कोपरे जुळत नाहीत

मांडवीकाठ

नमस्कार मंडळी. रायबंदरला राहते. फावल्या वेळात फेरीबोटीचं एक छोटं ॲप करतेय. पणजी–बेती, रायबंदर–चोडण आणि जुने गोवे–दिवाडी, सध्या एवढेच धक्के. पुढची बोट कधी, गाडी चढेल का, ओहोटीमुळे खोळंबा आहे का, एवढं दिसलं की झालं. कोड मीच लिहिते, चित्रंही मीच काढते. डिझाइनर ठेवायला पैसे नाहीत.

घर, घंटा, घड्याळ, शोध, तारा वगैरे नेहमीचे आयकॉन मी लूसिड या फुकट संचातून घेतले. उरलेले सहा मी इंकस्केपमध्ये काढलेत: फेरीबोट, धक्का, स्कूटर, कार, चालत जाणारा माणूस आणि भरती-ओहोटी. लूसिडची रेघ 2 आहे म्हणून माझीही 2. त्यांचे कोपरे 2 म्हणून माझेही 2. तरी खालच्या पट्टीत शेजारी ठेवले की माझी बोट मरतुकडी दिसते आणि कार तिच्या दुप्पट जाड. माझ्या बहिणीने पाहिलं आणि पहिलाच प्रश्न, "ही दोन वेगवेगळ्या ॲपची चित्रं आहेत का?"

बोटीच्या फाइलचा वरचा भाग हा असा:

```
<svg viewBox="0 0 32 32">
  <g transform="translate(2 6) scale(0.9 0.75)">
    <path stroke-width="2" d="..."/>
```

कारच्या फाइलमध्ये `viewBox="0 0 20 20"` आहे, रेघ तिथेही 2. चुकतंय कुठे? की नाद सोडून एखादा पूर्ण संच विकत घेऊ? कुठला घ्यावा तेही सांगा.

घाईत_आहे

प्ले स्टोअरला 512 बाय 512 लागतो. फोनवरचा अडॅप्टिव्ह आयकॉन 108 चा बनवायचा, त्यातला मधला 66 चा गोल सुरक्षित, बाहेरचं काहीही कापलं जाऊ शकतं. बोटीचं टोक कापलं जात असेल तर हेच कारण.

मांडवीकाठ

धन्यवाद, पण मी ॲपच्या आतल्या लहान आयकॉनबद्दल विचारतेय. बाहेरचा अजून केलेलाच नाही. तो करताना हे आकडे कामी येतील, लिहून ठेवते.

पेडणेकर_गणिती

सोपं आहे. सगळ्या फाइलींमध्ये `stroke-width` 2 आणि कोपरा 2 सक्तीने लिहून टाक, आणि प्रत्येक बिंदू पूर्ण अंकावर आण. 11.37 वगैरे काही ठेवायचं नाही. रेघ अर्ध्या पिक्सेलवर पडली की धूसर होते आणि धूसर रेघ जाड वाटते. तुझी कार जाड दिसतेय ती त्यामुळेच. एवढं केलंस की संच आपोआप जुळतो.

फॉस्फरप्रेमी

काढत बसूच नको. फॉस्फर घे. देखणा आहे, फुकट आहे आणि त्यात बोटसुद्धा आहे.

आडवीउभी

मडगावात आयकॉन आणि नकाशाच्या खुणा काढण्याचं काम करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आधी तुझ्या फाइलीतल्या 2 चं काय होतं ते बघ. `stroke-width` म्हणजे मिलिमीटर नव्हे, पिक्सेलही नव्हे. तो त्या फाइलीच्या स्वतःच्या मापातला आकडा आहे. बोटीचा कॅनव्हास 32 चा आणि ॲपमध्ये ती दिसते 24 वर, म्हणजे सगळं पाऊणपट झालं. त्याआधी त्या `g` वर आडवं 0.9 आणि उभं 0.75 असं मापांतर बसलेलंच आहे. उभ्या रेघेची जाडी आडव्या दिशेत मोजतात, म्हणून ती 2 × 0.9 × 0.75 = 1.35 झाली. आडव्या रेघेची 2 × 0.75 × 0.75, म्हणजे जेमतेम 1.13. एकाच बोटीत दोन जाड्या! कारचं बरोबर उलट. 20 चा कॅनव्हास 24 वर ताणला गेला, रेघ 2.4. आता 1.13 च्या शेजारी 2.4 ठेवल्यावर बहिणीने विचारलं तेच कोणीही विचारेल. दोन्ही फाइलींत 2 लिहिलंय ते खरंच आहे, पण त्या दोन 2 चा एकमेकांशी काही संबंध नाही.

कोपऱ्यांचंही तेच झालंय. बोटीचे कोपरे तर वर्तुळाचे राहिलेच नाहीत. आडवं-उभं वेगवेगळं दाबल्यामुळे ते लंबवर्तुळाचे झालेत. मोठं करून बघ, प्रत्येक कोपरा एका बाजूला कललेला दिसेल.

हे `g` वरचं `transform` कुठून येतं? इंकस्केपमध्ये गट करून तो कोपऱ्याला धरून ओढला की बऱ्याचदा असंच साठवलं जातं. गट फोडलास तर ते आतल्या आकारांत मुरेल, पण लंबवर्तुळ झालेले कोपरे काही परत गोल होणार नाहीत. म्हणून बोट दुरुस्त करत बसू नको, नव्याने काढ. दहा-बारा बिंदूंचं चित्र आहे.

काढताना कॅनव्हास 24 चाच घे. "मोठं काढून नंतर लहान करू" हे आयकॉनला चालत नाही. इंकस्केपमध्ये निवडीचं हत्यार घेतलं की वरच्या पट्टीत उजवीकडे दोन छोटी बटणं दिसतात, आकार बदलताना रेघेची जाडी बदलायची का आणि आयताच्या कोपऱ्यांची गोलाई बदलायची का. दोन्ही बंद ठेव. मग आकार कितीही ओढलास तरी रेघ 2 च राहील. फिग्मा वापरणाऱ्यांसाठी: तिथे `K` दाबून स्केल केलं तर रेघ आणि गोलाई दोन्ही बदलतात, साध्या ओढण्याने बदलत नाहीत. त्यात गल्लत करणारे रोज भेटतात.

सुरुवातीचा साचा असा ठेव आणि प्रत्येक आयकॉन याच्याच प्रतीवर काढ:

```
<svg xmlns="http://www.w3.org/2000/svg"
     viewBox="0 0 24 24" fill="none"
     stroke="currentColor" stroke-width="2"
     stroke-linecap="round" stroke-linejoin="round">
```

आतल्या एकाही आकाराला स्वतंत्र `stroke-width` नको, `style` मध्येसुद्धा नको. इंकस्केपला ते `style` मध्ये कोंबायची सवय आहे, आणि तिथलं मूल्य वरच्यावर मात करतं.

@फॉस्फरप्रेमी, फॉस्फर देखणा आहे, वाद नाही. पण त्याचा कॅनव्हास 256 चा आणि नेहमीच्या वजनाची रेघ 16, म्हणजे 24 वर 1.5. तो पूर्ण घेतला तर छान. लूसिडमध्ये त्यातली एकटी बोट आणून बसवली तर तोच घोटाळा पुन्हा.

मांडवीकाठ

ताई, 1.13 आणि 2.4 वाचून धक्काच बसला. आज रात्री 24 च्या कॅनव्हासवर नव्याने सुरू करते. म्हणजे आता रेघ 2, कोपरा 2 आणि पेडणेकरांनी सांगितल्याप्रमाणे बिंदू पूर्ण अंकावर, बरोबर?

विनायलवाला_म्हापसा

माझा अनुभव सांगतो. दुकानांच्या पाट्या, गाड्यांवरची स्टिकरं असं काम आहे. कटिंग मशीनला रेघ कळतच नाही, तिला कडा लागते. गिऱ्हाईक रेघेची फाइल आणतं आणि मशीन मधोमध एक चीर मारून मोकळं. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो, `Path > Stroke to Path` करूनच फाइल द्या. एकदा ते केलं की जाडी पक्की झाली, कोणी हलवू शकत नाही. तूही तेच कर, सगळे वाद मिटतील.

आडवीउभी

भाऊ, तुमच्या मशीनसाठी अगदी बरोबर. आयकॉनचा फॉन्ट बनवायचा असेल तरी तसंच करावं लागतं, कारण फॉन्टमध्ये रेघ हा प्रकारच नाही, फक्त भरलेले आकार. पण इथे ती SVG थेट दाखवतेय, म्हणून रेघ रेघच राहू दे. कडा करून टाकली की उद्या "जरा बारीक करूया" म्हटलं तर प्रत्येक आयकॉन मुळापासून काढावा लागेल. रेघेच्या फाइली वेगळ्या जपायच्या, कडा केलेली प्रत गरज पडेल तेव्हा काढायची.

आणि जाडी पक्की होते हे तितकंसं खरं नाही. कडा केलेला आयकॉन 20 च्या कॅनव्हासमधून 24 वर गेला तर तोही 2.4 चाच दिसणार. फरक इतकाच की मग आकडा वाचून पकडताही येत नाही.

@मांडवीकाठ, आता कोपरे. इथे पेडणेकरांशी माझं पूर्ण जमत नाही.

पहिला मुद्दा, कोपरा 2 म्हणजे कुठे 2? इंकस्केपमध्ये आयताला `rx` 2 दिलास तर ती गोलाई रेघेच्या मधल्या, न दिसणाऱ्या वाटेची. रेघ दोन्हीकडे एकेक पसरते, म्हणून बाहेरून गोलाई 3 दिसते आणि आतून 1. लूसिडमधला 2 हा या मधल्या वाटेचा आहे. गूगलच्या मटेरियलच्या जुन्या आयकॉन नियमात 2 आहे तो बाहेरच्या कडेचा, म्हणजे मधली वाट 1 आणि आतला कोपरा काटकोनी. दोघंही 2 म्हणतात, आणि शेजारी ठेवले तर एक गुबगुबीत, एक चौकोनी. तू लूसिडबरोबर चाललीस म्हणून `rx` 2 बरोबर आहे. इंटरनेटवरचा दुसऱ्या कुणाचा नियम मध्येच आणू नको, एवढंच.

लहान आकारांना वेगळा हिशेब लागतो. बोटीची केबिन 6 रुंद धरली तर आतली पोकळी 4 च उरते, आणि तिथे 2 ची गोलाई दिली की केबिनचा फुगा होतो. लूसिडचा स्वतःचा नियम असा की 8 पेक्षा लहान आकाराला गोलाई 1. तोच पाळ.

खरी गंमत तिरप्या कोपऱ्यात आहे. बोटीची बॉडी म्हणजे वर रुंद, खाली अरुंद असा समलंब चौकोन. समज डेक (2,14) ते (22,14) आणि तळ (5,20) ते (19,20). वरचा कोपरा साधारण 63 अंशांचा, खालचा 117 चा. काटकोनात 2 ची गोलाई दिली की टोक मूळ जागेपासून 0.83 आत सरकतं. 63 अंशांच्या टोकाला तीच 2 दिली तर ते 1.8 आत जातं, दुपटीहून जास्त! 20 रुंदीची बोट मधल्या वाटेवर साडेसतरा रुंद राहते. मग ती बाकीच्यांपेक्षा लहान वाटते, आपण तिला ओढून मोठी करतो, आणि गाडी परत `transform` वर. त्याच टोकाला 1 ची गोलाई दिली तर टोक 0.9 आत जातं. म्हणजे काटकोनातल्या 2 सारखंच दिसतं. आकडा वेगळा, दिसणं सारखं. खालच्या 117 च्या कोपऱ्याला 2 च राहू दे. तो मुळातच बोथट आहे, तिथे जास्त दिलंस तर तळ पाळण्यासारखा गोल होईल.

म्हणून "सगळीकडे 2" हा नियम काटकोनापुरता. धारदार कोपऱ्याला कमी करायचं आणि किती ते डोळ्यांनी ठरवायचं. मी 70 अंशांच्या खाली सरळ 1 देते, 45 च्या खाली काहीच नाही, गोल जोड पुरतो.

पेडणेकर_गणिती

हे 0.83 आणि 0.9 ताडून पाहिलं, बरोबर आहे. सूत्र `r × (1/sin(θ/2) − 1)`. कोपऱ्याचं मान्य. पण पूर्ण अंकाचं काय? ते तरी सोडू नये.

आडवीउभी

सोडू नये, पण त्यावर जीवही टाकू नये. 2 ची रेघ पूर्ण अंकावर ठेवली की तिच्या कडाही पूर्ण अंकावर येतात. 2 पट आणि 3 पट घनतेच्या पडद्यावर त्या स्वच्छ दिसतात, म्हणून आडव्या-उभ्या रेघांना ते जरूर कर. पण पुष्कळ अँड्रॉइड फोन 420 घनतेचे असतात. तिथे पट येते 2.625, आणि तुझी 2 ची रेघ होते 5.25 पिक्सेल. तिथे कुठलाच पूर्ण अंक कामाचा नाही, कडेला थोडी राखाडी येणारच. सुदैवाने एवढ्या घन पडद्यावर ती डोळ्यांना कळत नाही. तिरप्या आणि गोल भागात तर पूर्ण अंकाचा हट्ट केला की आकारच बिघडतो. आणि कार जाड दिसत होती ती धूसरपणामुळे नाही, 2.4 मुळे.

मांडवीकाठ

नव्याने काढली. डेकच्या टोकांना 1, तळाला 2, केबिनला 1, केबिन मधोमध आणि तिच्यावर बारीक डोलकाठी. लूसिडच्या घंटेशेजारी ठेवली तर जाडी जुळलीय! एकाच हातची वाटतात. चित्र टाकलंय, बघा.

दिवाडकर

बाय, रेघांतलं मला कळत नाही. रोज सकाळी दिवाडीहून जुन्या गोव्याला येतो, तेवढ्या हक्काने बोलतो. ही आपली फेरीबोट नव्हे. ही पणजीची कॅसिनोची बोट! फेरी अशी कधी असते? ती सपाट, दोन्ही टोकांना वर उचललेल्या फळ्या, गाड्या मोकळ्यावर उभ्या, आणि केबिन असते कुठेतरी कडेला. डोलकाठी बघून कुणाला वाटेल तिकीट शे-पाचशेचं.

मांडवीकाठ

😂 खरं आहे. रोज पाहते तरी काढताना लहानपणी चित्रकलेच्या वहीत काढायचो तीच बोट हातातून आली. पण फळ्या कशा दाखवू? डेकच्या टोकाला दोन तिरप्या रेघा जोडल्या तर तिथे तीन रेघा एकत्र येऊन काळा गोळा होतोय.

आडवीउभी

दिवाडकरांनी फार मोलाचं सांगितलं. गोळा होतोय कारण तू फळी वेगळ्या दिशेने जोडतेयस. फळी वेगळी काढूच नको. बॉडीची तिरपी बाजूच डेकच्या वर तशीच वाढव आणि डेकची आडवी रेघ तिला मधेच येऊन टेकू दे. आता धारदार टोक राहिलंच नाही, त्यामुळे वर मी एवढा हिशेब सांगितला तो या बोटीला लागत नाही. कारच्या काचेला लागेल. वाढवलेलं टोक बाहेर जाऊ नये म्हणून सगळं एकेक आत घेतलंय, आणि केबिन एका बाजूला:

```
<path d="M2 12l3.45 6.9A2 2 0 0 0 7.25 20h9.5
         a2 2 0 0 0 1.8-1.1L22 12"/>
<path d="M3 14h18"/>
<path d="M11 14V8a1 1 0 0 1 1-1h4a1 1 0 0 1 1 1v6"/>
```

केबिन 11 ते 17 मध्ये आहे ती मुद्दाम. 18 पर्यंत नेली असती तर केबिन आणि उजवी फळी यांच्यातली फट 2 च्या खाली गेली असती. फट रेघेपेक्षा अरुंद झाली की लहान आकारात ती बुजते आणि तो भाग भरलेला वाटतो. संचातला कुठलाही आयकॉन "उगाच काळपट" वाटला तर आधी फटी मोज. जाडी बहुतेक वेळा बरोबरच असते.

मांडवीकाठ

बसली! आता ही फेरी वाटते. दिवाडकर, बघा बरं.

फटीवरून आठवलं, स्कूटरचं तेच होतंय. दोन चाकं, सीट, हँडल, आरसा, आणि सगळं 2 च्या रेघेत. मधे जागाच उरत नाही. आतल्या बारकाव्यांना 1.5 ची रेघ वापरली तर चालेल का?

आडवीउभी

माझं मत, नाही. आरसा काढून टाक. सीट आणि बॉडी एकाच रेघेत आण. चाकाची त्रिज्या 3 ठेवलीस तर आत 4 ची पोकळी राहते, तेवढी पुरे, आरे वगैरे नको. बारकावा मावत नसेल तर बारकावा जातो, रेघ बारीक होत नाही. एका आयकॉनला सूट दिली की पुढच्याला का नाही, हा प्रश्न उभा राहतो.

पण त्याही आधी, तू स्कूटर आणि कार काढतेयस कशाला? कार लूसिडमध्येच आहे. सायकल आहे, स्कूटर नसेल तर टॅबलर या संचात बघ, तोही 24 चा आणि रेघ 2 चीच, टोकं गोल. लूसिडशेजारी खपून जातो. तुला स्वतः काढायलाच हवेत असे फेरीबोट, धक्का आणि भरती-ओहोटी, एवढेच.

कोकणस्थ_कोडर

1.5 ला एवढा विरोध पटत नाही. दोन जाड्यांचे संच असतात की. बाहेरची कडा जाड, आतला तपशील बारीक, सगळीकडे सारखाच नियम ठेवला तर तीही एक शिस्त आहे. आम्ही आमच्या ऑफिसच्या ॲपमध्ये असंच केलंय आणि कुणी तक्रार केली नाही.

आडवीउभी

सगळा संच तसा असेल तर मलाही मान्य. पण तिचे निम्मे आयकॉन लूसिडचे आहेत, त्यांत बारीक रेघ नाही. मग सहाच आयकॉन दोन जाड्यांचे होतात.

कोकणस्थ_कोडर

ते तिने ठरवावं. मी तरी आरसा ठेवला असता. आरशाशिवाय स्कूटर म्हणजे पोलिसांना आमंत्रण. 🙂

पेडणेकर_गणिती

सगळं झाल्यावर फाइली एकेक उघडून तपासू नको. फोल्डरमध्ये हे चालव:

```
grep -L 'viewBox="0 0 24 24"' *.svg
grep -l 'transform=' *.svg
```

पहिल्याने 24 चा कॅनव्हास नसलेल्या फाइलींची नावं येतील, दुसऱ्याने मापांतर लपलेल्या. दोन्हीकडे काही छापलं नाही तर निदान ही भानगड तरी शिल्लक नाही. इंकस्केपमधून जतन करताना `Plain SVG` निवड, म्हणजे त्याचा स्वतःचा मजकूर कमी राहील. कॅनव्हास `viewBox="0 0 24.000001 24"` असा निघाला तर ती फाइलही यादीत येईल, घाबरू नको, हाताने नीट कर.

आडवीउभी

छान युक्ती. `grep -o 'stroke-width' *.svg` हेही चालव, प्रत्येक फाइलीचं नाव एकदाच यायला हवं, ते साच्यातल्या वरच्या ओळीचं. आकड्यांनी न पकडलेलं डोळ्यांनी पकडायचं: सगळे आयकॉन एका ओळीत 24 वर ठेव, खऱ्या फोनवर उघड आणि हात लांब करून डोळे किलकिले करून बघ. जो इतरांहून गडद किंवा फिका डाग दिसेल तो धर. लॅपटॉपवर दहापट मोठं करून पाहिलं की सगळेच सुंदर दिसतात.

मांडवीकाठ

चालवलं. `transform` धक्क्याच्या आयकॉनमध्ये सापडलं, बाकी स्वच्छ. कार लूसिडची घेतली, स्कूटर टॅबलरची. तिला आरसा नाहीच, त्यामुळे तो वाद मिटला.

शेवटचं एक राहिलंय, भरती-ओहोटी. मी दोन लाटा आणि शेजारी वर-खाली बाण असं काढलं. तीन लोकांना दाखवलं. एकाने "डाउनलोड" म्हटलं, एकाला "पाऊस" वाटला. लाटेची गोलाई किती ठेवायची तेही कळत नाही, तिथे कोपराच नाही.

आडवीउभी

लाटेला कोपऱ्याचा नियम लागत नाही, पण वळणाचा लागतो. मधल्या वाटेचं वळण 1 पेक्षा घट्ट झालं की आतली कडा दुमडून टोकदार होते आणि तिथे काळा ठिपका दिसतो. लाट उथळ ठेव, दोनपेक्षा जास्त नको, आणि दोघींत मध्यापासून मध्यापर्यंत निदान 4 अंतर, म्हणजे 2 ची फट सुटते. लूसिडमधल्या लाटा उघडून त्यांचे बिंदू बघ. अर्थाचं मात्र मला सुचत नाहीय. बाण आला की लोकांना डाउनलोडच दिसणार.

दिवाडकर

बाण कशाला? धक्क्याचा खांब काढा, पाण्याची रेघ वर असली की भरती, खाली असली की ओहोटी. आम्ही तेच बघून ठरवतो, गाडी चढवताना खालून घासेल की नाही ते.

आडवीउभी

हे चांगलं आहे. एकच चित्र, फक्त लाट 8 वर किंवा 18 वर. पण 24 मध्ये दोन्ही शेजारी नसताना एकट्याने कळेल का, शंका आहे.

कोकणस्थ_कोडर

नाही कळणार. सरळ शब्द लिहा, "भरती" आणि "ओहोटी". प्रत्येक गोष्टीला आयकॉन हवाच असं कुठे आहे?

मांडवीकाठ

दिवाडकरांचा खांब काढून बघते, खाली लहान अक्षरात शब्दही ठेवते. रविवारी धक्क्यावर रांगेत उभ्या असलेल्यांना फोन दाखवून विचारणार आहे. काय म्हणतात ते इथे टाकते.

घाईत_आहे

बाहेरच्या आयकॉनसाठी पण तीच बोट वापर. 66 च्या गोलात मावेल.